राखलेलं गवत

रामेश्वर शिंगाडे दमलेलाच जन्माला आला असावा, असं त्याच्या कॉलेजातल्या लोकांना वाटायचं. शहरातल्या एका कॉलेजात तो तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवायचा. तासिका तत्त्व म्हणजे तास घेतला तर मोबदला, सुट्टी लागली तर हात हलवत घरी. असं करता करता त्याने चाळिशी ओलांडली. बरोबरीचे कुणी कायम झाले, कुणी शिकवणीवर्ग काढून गाड्या घेतल्या. याच्याकडे बजाजनगरात भाड्याच्या दोन खोल्या होत्या, कण्हत चालणारी एक मोटारसायकल होती आणि अर्धवट राहिलेली पीएचडी होती. पीएचडी झाली तर कायम जागेच्या मुलाखतीला उभं राहता येणार होतं. ती होईना, म्हणून सगळंच होईना.

बायको शीला एका कारखान्याच्या कँटीनचं काम बघायची आणि घर तिच्या जोरावर चालायचं. ती कधी बोलून दाखवायची नाही. पण सकाळी डबा हातात देताना ती "आज गवताकडं का?" असं विचारायची, तेव्हा त्या "गवता"त बरंच काही भरलेलं असायचं. रामेश्वरला ते कळायचं आणि त्याला बाहेर पडायची घाई व्हायची.

गवत हाच त्याचा विषय होता. वेरूळच्या वरच्या अंगाला डोंगराच्या सपाटीवर त्याच्या गावाचं गायरान आहे. त्याची आई राजाबाई अजून तिथे मेंढरं चारते. बाप लवकर गेला. आईने मेंढरांच्या जिवावर एकाला शिकवलं आणि दोन मुलींची लग्नं लावली. घराण्यात पहिल्यांदा पुस्तकाला हात लावणारा हा, आणि पुस्तकांतून निघून शेवटी पुन्हा त्याच गायरानात येऊन पडला. गावात यावरून त्याची चेष्टा व्हायची. इतकं शिकून पोरगं परत कुसळात आलं, असं कुणी तोंडावर म्हटलं की तो नुसता हसायचा. उलट उत्तर द्यायलाही अंगात जोर लागतो.

त्याचा प्रश्न ऐकायला साधा होता. जनावरं चरतात म्हणून गायरानाचं वाटोळं होतं, असं एक पक्ष म्हणतो. जनावरं चरतात म्हणूनच तिथे नाना तऱ्हेची झाडं टिकतात, नाहीतर उंच गवत सगळ्यांच्या डोक्यावर बसेल, असं दुसरा म्हणतो. दोघंही नुसत्या नजरेवर बोलतात. रामेश्वरला ते मोजून बघायचं होतं. काही तुकड्यांना कुंपण घालून चरणं बंद करायचं, तसेच काही तुकडे मोकळे ठेवायचे आणि दोन्हींकडे गवत किती वाढतं, किती जाती राहतात, हे ताडून पाहायचं.

त्याचे मार्गदर्शक अभय सर निवृत्तीला टेकलेले होते. माणूस मोठा सज्जन, पण आखणीत तडजोड चालायची नाही. रामेश्वर पहिला आराखडा घेऊन गेला तेव्हा त्यांनी तो उलटून त्याच्यापुढे सरकवला. एक मोठं कुंपण आणि शेजारी एक मोकळा तुकडा, असं त्यात होतं. सर म्हणाले, की असल्या एका जोडीत काही फरक निघाला तर तो मेंढरांमुळे निघाला की तिथे मुळातच माती खोल होती म्हणून, हे कोण सांगणार? म्हणून मग लहान लहान सहा जोड्या ठरल्या. दोन काळ्या खोल मातीवर, दोन मधल्या उतारावर आणि दोन मुरमाड माथ्यावर. प्रत्येक जोडीतले दोन्ही तुकडे एकसारखे दिसणारे निवडले, आणि त्यातल्या कुठल्याला जाळी लागणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. चिठ्ठ्यांवरून खांब रोवायला आलेल्या गवंड्याशी भांडण झालं. एका जोडीत चिठ्ठी नेमकी खडकाळ बाजूवर पडली, तिथे खांब रोवताना पहार उड्या मारत होती, आणि शेजारचा मऊ तुकडा रिकामा पडलेला. इथंच लावा ना सर, काय फरक पडतो, असं तो सारखं म्हणत होता. रामेश्वरने ऐकलं नाही. सोईने जागा निवडायला लागलो की निकालही सोईचाच लागतो, हे सरांनी त्याच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं.

कुंपण घालण्याआधीच्या दिवाळीच्या सुमाराला त्याने बाराही तुकड्यांत लोखंडी चौकट टाकून जाती मोजल्या होत्या. कुसळी, मारवेल, पवन्या, जमिनीला चिकटून पसरणाऱ्या शेंगांच्या बारीक वेली, सगळं. हे आधीचं माप. पुढच्या उन्हाळ्यात जाळ्या उभ्या राहिल्या. खाली ससा शिरू नये म्हणून बारीक जाळीचा एक पट्टा लावला. नाकतोड्यांचं काही करता येत नव्हतं, ते दोन्हींकडे सारखेच खाणार होते. जाळीची सावली पडते आणि खांबांवर पाखरं बसून शिटतात, म्हणून कडेची चारेक हातांची पट्टी सोडून फक्त मधल्या भागात मोजायचं ठरलं. मोकळ्या तुकड्यांत आणखी एक युक्ती लागते. तिथे उभं असलेलं गवत म्हणजे उगवलेलं सगळं गवत नव्हे, कारण निम्मं पोटात गेलेलं असतं. म्हणून तिथे एक छोटा पिंजरा पालथा घालायचा. महिन्याने पिंजऱ्याच्या आतलं आणि बाहेरचं एकेक चौकट गवत कापायचं, भट्टीत वाळवायचं, तोलायचं. आत जास्त भरेल तेवढं जनावरांनी खाल्लं. मग पिंजरा उचलून नव्या जागी. जाळी, खांब, पिंजरे या सगळ्यासाठी शीलाने भिशी लवकर उचलली. 

आणि इथेच रामेश्वरने ती चूक केली.

जाळीचे तुकडे लांबून दिसत होते, पण मोकळ्या तुकड्यांच्या हद्दी त्याला स्वतःलाच सापडेनात. म्हणून त्याने प्रत्येकाच्या चार कोपऱ्यांत चार दगड ठेवले आणि लांबून दिसावेत म्हणून त्यांना चुना लावला. शिवाय मारुतीच्या पारावर जमलेल्या लोकांना हात जोडून सांगितलं, की माझी सगळी भिस्त या बारा तुकड्यांवर आहे, जरा सांभाळा. जाळी चोरीला जाईल, एवढीच भीती त्याच्या मनात होती.

आता त्या भागात चुन्याचे चार दगड कशाला ठेवतात, हे रामेश्वरला ठाऊक नव्हतं असं नाही. ज्याला दिवाळीनंतर कापायला गवत हवं असतं, तो आपल्या तुकड्याच्या कोपऱ्यांवर चुन्याचे दगड ठेवतो. मग ते गवत राखलेलं. त्यात कुणी जनावर घालत नाही, घातलं तर चारचौघांत मान खाली जाते. लहानपणी तो स्वतः काठी घेऊन अशा दगडांपासून मेंढरं हाकत असे. पण इतकी वर्षं शहरात तास घेऊन आणि हेलपाटे घालून त्याच्या डोक्यात तुकडे, चौकटी आणि सरासऱ्या इतक्या भरल्या होत्या, की दगड हा दगड उरला नव्हता, ती फक्त एक खूण झाली होती. शिकलेल्या माणसाचं असं होतं. बाहेरचा असता तर निदान कुणाला तरी विचारलं असतं.

पाऊस चांगला झाला. रामेश्वर महिन्यातून दोनतीन वेळा गायरानावर जाऊन मोजायचा, कापायचा, पोती बांधून प्रयोगशाळेत आणायचा. तो यायचा तो सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, आणि तेव्हा मेंढरं झाडाखाली रवंथ करत बसलेली असायची. कंबर मोडून यायची. घरी आल्यावर अंगाला गवताचा वास, पायजम्यात कुसळं, आणि ती वेचत बसायची शीला. असं करत हंगाम संपला आणि त्याने आकडे मांडले.

फरकच नव्हता. जाळीतलं गवत आणि मोकळ्यातलं गवत जवळपास सारखं. जातीही तेवढ्याच. बरं, त्यातही समजूत घालता आली असती, की चांगल्या पावसात गवत चरण्याला पुरून उरतं. पण पिंजऱ्यांचा हिशेब बसेना. पिंजऱ्याच्या आत जेवढं गवत, बाहेरही तेवढंच. म्हणजे खाल्लं किती, तर जवळपास शून्य. एवढा मोठा कळप रोज त्या गायरानावर जातो आणि खात नाही, हे कसं? त्याने आधी तराजूवर संशय घेतला, मग भट्टीवर, मग स्वतःवर. शेवटी पुन्हा वर गेला आणि गुडघ्यांवर बसून मोकळ्या तुकड्यांत लेंड्या शोधू लागला. जिथे मेंढरू चरतं तिथे ते लेंड्या टाकतंच, त्याला काही इलाज नाही. दगडांच्या बाहेर पाऊल टाकायला जागा नव्हती इतक्या लेंड्या. दगडांच्या आत शोधून शोधून मूठभरही निघाल्या नाहीत. 

दुसऱ्या दिवशी त्याने तास बुडवले आणि सकाळीच जाऊन करवंदीच्या जाळीआड बसला. राजाबाई मेंढरं घेऊन आली. गुडघे गेलेले, त्यामुळे डुलत डुलत चालत होती. मेंढरं पांगली, त्यातली काही चुन्याच्या दगडांकडे वळली. आणि ही बाई, जिला घरात पाट सरकवायला त्रास होतो, ती काठी टेकत जवळजवळ पळत गेली. मेंढरांच्या आणि दगडांच्या मध्ये उभी राहिली आणि हुर्र हुर्र करत कळप लांबून वळवून नेला. मागून कचरूमामा शेरडं घेऊन आला. हा तिचा चुलतभाऊ. त्यानेही शेरडं तशीच फेर घालून नेली, जणू तिथे विहीर आहे.

रामेश्वर आडोशातून उठून पुढे आला. त्याला राग आला नव्हता. राग यायलाही काहीतरी शिल्लक लागतं.

"आई, हे काय करायलीस?"

राजाबाईला पोरगं अचानक दिसल्याचा आनंद झाला होता आणि तो तिच्या तोंडावर मावत नव्हता. ती म्हणाली, "राखायलेय की. तुहं गवत. एक तोंड लागू दिलं नाय बघ. कचरूला, कारभाऱ्याच्या गुराख्याला, समद्यांला सांगून ठिवलंय. पोराचं गवत चांगलं आलं पायजे, त्याला तिकडं पास व्हायचंय."

कचरूमामाने मान हलवली. ते दिसतच होतं. गवत खरोखर गुडघ्याच्या वर आलं होतं, तुरे हलत होते, बघत राहावं असं.

रामेश्वर खाली बसला. मग त्याने सांगितलं. जाळीच्या आत खायचं नाही आणि जाळीच्या बाहेर खायचं, असं ते होतं. बाहेरचं जनावरांनी खाल्लंच नाही तर ताडून बघायचं कशाशी? राजाबाई ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू कमी होत गेला, आणि ते बघणं त्याला आकड्यांपेक्षा जड गेलं. कचरूमामा मात्र लगेच मदतीला धावला. म्हणाला, एवढंच ना, उद्या समदी शेरडं त्यातच घालतो, दोन दिवसांत भुई साफ करून देतो. रामेश्वरला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. घालायचंही नाही आणि हाकायचंही नाही मामा, असं तो म्हणाला. तुकडा तिथे नाहीच असं समजून चारायचं. मामाला हे पटलं नाही. मुद्दाम न राखता आणि मुद्दाम न चारता जनावर कसं सांभाळतात, हे त्याला पडलेलं कोडं तसं रास्तच होतं.

"मंग आदी सांगायचं ना," राजाबाई एवढंच म्हणाली. "मी सारा पावसाळा तुह्या दगडांपाशी उभी व्हते रे."

तो पावसाळा तिने कसा काढला होता, हे मग कचरूमामाने सांगितलं. त्या सहा जागा राखायच्या म्हणून ती मेंढरं लांबच्या टेकाडावरून फिरवून न्यायची. संध्याकाळी गुडघ्यांना रुईची पानं बांधून बसायची.

रामेश्वर शहरात परतला तो सरळ अभय सरांच्या घरी गेला. विद्यापीठाने त्याला शेवटची मुदतवाढ दिली होती, पुढचा एकच हंगाम हातात होता. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. या घडीला एक पळवाट उघडी होती आणि ती दोघांनाही दिसत होती. चरण्याने फरक पडत नाही, हाही निष्कर्षच असतो. असा प्रबंध कुणी अडवला नसता. मोकळ्या तुकड्यांत कुणी चरलंच नव्हतं, हे सांगायला चुन्याच्या दगडांना तोंड नव्हतं. रामेश्वर म्हणाला, "सर, मी लई दमलोय. असंच लिहून टाकावं असं वाटतं." सर म्हणाले, "लिहा. पण मग त्याच्या खाली मला सही करायला सांगू नका." ते रागाने बोलले नव्हते, त्यामुळे ते जास्त लागलं.

मग चहा झाला आणि सरांनीच धागा शोधला. हंगाम सगळाच पाण्यात गेला नाही, ते म्हणाले. यंदा दोन्हींकडे चरणं बंद होतं आणि दोन्हींकडे सारखं उगवलं. म्हणजे जोड्या खरंच सारख्या आहेत, हे तरी सिद्ध झालं. हे माप आता आधीचं माप म्हणून धरायचं आणि पुढच्या पावसाळ्यात मोकळे तुकडे खरोखर मोकळे सोडायचे. एका हंगामात वाढीतला फरक स्पष्ट दिसेल. जातींची अदलाबदल व्हायला मात्र वर्षं लागतात, त्याबद्दल नुसती सुरुवात दिसली एवढंच लिहायचं, फुगवायचं नाही. आईला माहीत नसलेले नवे मोकळे तुकडे घेऊ का, असंही रामेश्वरने विचारून पाहिलं. सरांनी मान हलवली. नव्या जागेचं आधीचं माप कुठे आहे? तिथे गवत मुळात कमी होतं की मेंढरांनी कमी केलं, हे परत सांगता येणार नाही. जागा त्याच, दगड तेवढे काढा.

दगड काढणं सोपं होतं. रामेश्वरने ते ओढ्यात नेऊन टाकले आणि कोपऱ्यांत लोखंडी खुंट्या मातीत पार आत ठोकल्या. त्या टेपने मोजून त्यालाच सापडतील, दुसऱ्या कुणाला दिसणार नाहीत. कचरूमामा महिन्याभरात जागा विसरलासुद्धा. कारभाऱ्याचा गुराखी तर दगड बघूनच गुरं वळवायचा. राहिली राजाबाई. आणि गायरानावरचा मोठा कळप तिचाच होता. तो चरला नाही तर बाकीच्यांची चार शेरडं काय फरक पाडणार होती?

शिवाय आणखी एक अडचण होती. उन्हाळा लागला की मेंढरं विकून टाकायची, असं राजाबाईने ठरवलं होतं. गुडघे नाही म्हणत होते. शीलानेच तिला तसं सुचवलं होतं, आता बजाजनगरात येऊन राहा म्हणून. आणि आता याला पुढच्या पावसाळ्यात मेंढरं हवी होती. प्रयोगाला जनावर लागतं, आणि जनावर आईच्या पायांवर चालत होतं. स्वतः तास सोडून मेंढरं चारावीत असंही त्याच्या मनात आलं. पण तो चारायला गेला तर काठी आपसूक त्याला हव्या त्या बाजूला वळेल, मग चिठ्ठ्या कशाला टाकल्या होत्या?

संक्रांतीच्या आसपास तो घरी गेला. राजाबाई चुलीपाशी बसली होती. त्याने बराच वेळ इकडचं तिकडचं केलं आणि मग एकदाचं विचारलं, की अजून एक पावसाळा चारशील का. राजाबाईने हो म्हणायला क्षणही लावला नाही. गुडघ्यांचं नावसुद्धा काढलं नाही. उलट पोराने काहीतरी मागितलं, यानेच ती सुखावली. त्याला स्वतःची लाज वाटली, पण अजून मुख्य मागणं बाकी होतं.

"पण आई, एक कर. ते माझं हाये, हे इसरून जा. मेंढरू तिकडं गेलं तर जाऊ दे. न्हाय गेलं तर नेऊ नको. समज की मी हितं कधी आलोच नाय."

राजाबाईने भाकरी उलटली. तिने खरंच विचार केला, उगाच समजूत काढायची म्हणून बोलली नाही.

"चालंन," ती म्हणाली. "दोन पावसाळं म्हणशीन तर दोन चालंन. पण ते इसरायचं नाय जमायचं रे बाबा. मेंढरानं तिकडं तोंड केलं की माहा पाय आपसूक उचलतो. दगड काढलेस, बरं केलंस. पण मला कुठं दगड लागत्यात?"

ती खरं बोलत होती. डोळ्यांना पट्टी बांधली असती तरी तिला त्या सहा जागा सापडल्या असत्या.  

उपाय तिनेच काढला. दोनतीन दिवसांनी तिचा फोन आला, की मेंढरं फकिराला अर्धलीनं देऊन टाकली. अर्धली म्हणजे जनावर हिचं, सांभाळायचं त्याने, आणि होतील ती कोकरं दोघांत वाटून घ्यायची. फकिरा चितेगावाकडून आलेला गडी, गावात नवा, रामेश्वरला ओळखत नव्हता. गवतात काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. राजाबाईची अट एकच, मेंढरं याच गायरानावर चारायची. आणि कचरूसकट सगळ्यांना तिने तंबी दिली, की त्याला काही सांगायचं नाही. आयुष्यभर जो कळप तिने दुसऱ्याच्या हातात क्षणभर दिला नव्हता, तो देऊन टाकला आणि वर फोनवर हेही म्हणाली, की बरं झालं, पायाला आराम पडंल.  

मेंढरांशिवाय राजाबाईला घरात करमेना आणि ती बजाजनगरातही येईना. पाऊस सुरू झाल्यावर रामेश्वर मोजायला जाई तेव्हा मोटारसायकलवर मागे बसून तीही गायरानावर यायची. तो कापायचा, पोत्यांवर खुणा करायचा. ती लांब, बांधाच्या दगडावर बसायची.

श्रावणातली एक सकाळ. आभाळ गच्च होतं पण पडत नव्हतं. रामेश्वर जाळीतलं काम उरकून आईपाशी येऊन बसला तेव्हा टेकाडाच्या बाजूने फकिरा मेंढरं घेऊन आला. राजाबाई एकेकीला नावाने ओळखत होती, ओठांत पुटपुटत होती. कळप पांगला. काही मेंढरं उतरावरच्या त्या मोकळ्या तुकड्याकडे वळली. तिथे यंदा मारवेल माजलेली होती आणि तिच्या मुळाशी बारीक वेलींना पिवळी फुलं आली होती. फकिरा पाठमोरा उभा राहून मोबाईलवर काहीतरी बघत होता. पहिल्या मेंढीने तोंड लावलं. मग बाकीच्या घुसल्या. गवत तोडल्याचा कुरकुर आवाज बांधापर्यंत येत होता.

राजाबाई उठली. काठी हातात होती, तोंडातून हुर्र असं निघालंही अर्धवट. रामेश्वरने तिचं मनगट धरलं. किती बारीक झालंय हे, एवढंच त्याच्या मनात आलं.

"खाऊ दे, आई."

ती थांबली. एकदा तुकड्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. त्याच्या आयुष्यातली सगळी वर्षं पणाला लागून शेवटी जे हवं होतं ते समोर घडत होतं, आणि त्याला आनंद म्हणून काही होत नव्हता. नुसतं गळून गेल्यासारखं वाटत होतं. आईचा हात सोडावा की धरून ठेवावा, हेही त्याला कळत नव्हतं.

राजाबाई परत दगडावर बसली. पण तुकड्याकडे तोंड करून नाही. तिने पाठ फिरवली, पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि खाली दूर दिसणाऱ्या वेरूळच्या रस्त्याकडे बघत राहिली. मेंढरं खात होती. बराच वेळ गेला.

"झालं का खाऊन?" तिने मान न वळवता विचारलं.

"अजून खायलीत," रामेश्वर म्हणाला.